हजेरीच्या नव्या पद्धतीचं परिपत्रक मराठीत लिहायचंय, मसुदा बघून सांगा

टेबलामागची

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात हजेरीचं रजिस्टर बंद होऊन चेहरा ओळखणारं मशीन आलंय आणि त्याबरोबर उशिराचे नियम पण बदललेत. साहेबांनी सांगितलं की स्टाफसाठी साध्या मराठीत परिपत्रक काढ, फार सरकारी नको पण औपचारिक हवं. मी खालचा मसुदा केलाय, एकदा नजर टाका प्लीज, मुख्य म्हणजे भाषा बरोबर आहे का ते सांगा.

"विषय : सुधारित हजेरी पद्धतीबाबत.
सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, कार्यालयात नवीन हजेरी प्रणाली तात्काळ प्रभावाने लागू करण्यात येत आहे. कार्यालयीन वेळ सकाळी ९.३० ते सायंकाळी ६.०० अशी राहील. १५ मिनिटांची सवलत देण्यात येईल. महिन्यात तीन वेळा उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाची रजा वजा करण्यात येईल. नोंद राहून गेल्यास तीन दिवसांत नियमितीकरणासाठी अर्ज करण्यात यावा व तो मंजूर करून घेण्यात यावा. कसूर करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल याची नोंद घ्यावी."

निवांत_नाना

भाषा छान आहे की, पाठवून टाका.

जुना_हेडक्लार्क

नाना थांबा जरा. भाषा ठीकच आहे पण यातलं उशिराचं वाक्य जसंच्या तसं गेलं तर पहिल्याच पगाराला टेबलासमोर रांग लागेल.

ताई, एक उदाहरण घेऊन बघा. एका माणसाला महिन्यात पाच वेळा उशीर झाला. आता तुमच्या वाक्यावरून त्याची किती रजा कापायची? एकजण म्हणेल दर तीन उशिरांना अर्धा दिवस, म्हणजे पाचात एकदाच तीन पूर्ण झाले, अर्धा दिवस गेला, उरलेले दोन सोडून द्या. दुसरा म्हणेल तीन माफ आणि चौथ्यापासून प्रत्येकाला अर्धा, म्हणजे चौथा आणि पाचवा मिळून एक पूर्ण दिवस. तिसरा म्हणेल तिसरा झाला की संपलं, तिसऱ्यापासून प्रत्येक उशिराला अर्धा, म्हणजे दीड दिवस. वाक्य तेच, कर्मचारी तोच, आणि उत्तरं अर्धा, एक आणि दीड. कर्मचारी अर्थातच पहिला अर्थ लावणार आणि अकाउंटवाला त्याला जे सोपं वाटेल ते लावणार. तुमच्या साहेबांच्या मनात यातला कुठला आहे ते आधी विचारा, मराठी नंतर बघू.

टेबलामागची

अरे देवा. मला वाटत होतं पहिलाच अर्थ आहे. उद्या विचारते.

सुट्टीवर_असलेला

पाच दिवसांचा आठवडा झाल्यावर वेळ ९.४५ ते ६.१५ आहे ना? २९ फेब्रुवारी २०२० पासून आमच्याकडे तीच आहे. तुम्ही ९.३० ते ६.०० कसं काय लिहिलं, शासन निर्णयाचा संदर्भ टाकावा लागेल वर, नाहीतर परिपत्रकाला आधार काय?

टेबलामागची

दादा आमचं खाजगी ऑफिस आहे, शासनाचं नाही 🙂

सुट्टीवर_असलेला

अच्छा, मग राहू दे. तरी पण संदर्भ म्हणून जुन्या परिपत्रकाची तारीख टाकाच. आमच्याकडे एकाच विषयावर तीन परिपत्रकं फिरत असतात आणि ज्याला जे सोयीचं ते तो दाखवतो, म्हणून नवीन काढताना जुनं बंद झालं असं लिहिलेलं बरं.

जुना_हेडक्लार्क

हे मात्र सुट्टीवरच्यांनी पक्कं सांगितलं. "अधिक्रमित" वगैरे लिहायची गरज नाही, "याआधीचे दिनांक अमुकचे परिपत्रक आता लागू राहणार नाही" एवढं सरळ लिहा. आणि जुनं रजिस्टर कुठल्या तारखेपर्यंत भरायचं तेही एका ओळीत येऊ द्या, नाहीतर निम्मा स्टाफ पुढचा महिनाभर दोन्हीकडे सह्या करत बसतो.

तावातावाने

मुळात उशिरासाठी काही कापणंच बेकायदेशीर आहे!! दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापायचा, हा कुठला न्याय. संध्याकाळी आठ आठ वाजेपर्यंत बसतो त्याचं काय, ते मशीन मोजत नाही का? कोणीतरी केस टाकली पाहिजे.

पगारपत्रक

तावातावाने, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी पगाराचंच काम करतो म्हणून सांगतो. गैरहजेरीसाठी पगारातून कपात करता येते, पण ती जेवढा वेळ माणूस गैरहजर होता त्या प्रमाणातच, त्याहून जास्त नाही. हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ मध्ये होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तसंच आहे. म्हणजे २० मिनिटं उशीर म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला तर तो टिकवणं अवघड जाईल. पण ताईंच्या मसुद्यात पगार कापायचं नाही म्हटलेलं, रजा वजा करायचं म्हटलंय, आणि रजा वजा करणं म्हणजे पगार कापणं नव्हे, महिन्याच्या शेवटी हातात पैसे तेवढेच येतात.

गोची कुठे होते माहितीये का, तर ज्याच्या खात्यात रजाच उरलेली नाही त्याच्या बाबतीत. तिथे सिस्टिम आपोआप बिनपगारी अर्धा दिवस लावते आणि मग ती रजेची गोष्ट राहत नाही, पगार कपात होते. परिपत्रकात यावर एक शब्द नाही, आणि वर्षअखेरीला नेमके असेच लोक जास्त असतात. ताई, रजा शिल्लक नसेल तर काय करायचं हे तुमच्याकडे ठरलंय का?

टेबलामागची

नाही ठरलेलं. हा मुद्दा कोणाच्या डोक्यातच आला नाही.

पगारपत्रक

मग ठरेपर्यंत निदान त्या नोंदीवर सिस्टिमने आपोआप बिनपगारी लावू नये एवढी सेटिंग करून घ्या. अशी नावं यादीत वेगळी येऊ देत, माणसाने बघून ठरवावं.

चहाचा_कप

आमच्याकडे मशीन माझा चेहरा ओळखतच नाही, चष्मा काढला की ओळखतं, चष्मा लावला की "पुन्हा प्रयत्न करा". मी रोज ९.२५ ला येते आणि आत जाईपर्यंत ९.३४ होतात कारण मागे रांग लागते. याचं पण काहीतरी लिहा ना परिपत्रकात.

जुना_हेडक्लार्क

चहाचा कप, तुमचा चेहरा पुन्हा नोंदवून घ्या, एकदा चष्म्यासकट आणि एकदा चष्म्याशिवाय. बऱ्याच मशीनमध्ये ती सोय असते, नोंदवताना एकच फोटो घेतला की असं होतं. पण मुद्दा खरा आहे, मशीन चाललं नाही तर माणसाने तिथेच काय करायचं हे परिपत्रकात हवंच. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं. "त्याच वेळी स्वागतकक्षातील वहीत वेळ लिहून सही करावी" अशी एक साधी ओळ पुरते. नंतर दुपारी येऊन "सकाळी मशीन बंद होतं" म्हटलं तर खरं खोटं कोण करत बसणार.

सई_लिहिते

मला भाषेबद्दल बोलायचंय. "अर्ज करण्यात यावा व तो मंजूर करून घेण्यात यावा" या वाक्यात माणूसच नाहीये. कोणी करायचा, कोणाकडून मंजूर करून घ्यायचा? असं वाक्य औपचारिक वाटतं खरं पण त्यात जबाबदारी कुणाचीच राहत नाही. "कर्मचाऱ्याने अर्ज करावा, विभागप्रमुखांनी दोन कामाच्या दिवसांत त्यावर निर्णय द्यावा" असं लिहिलं तरी ते तेवढंच औपचारिक राहतं. आणि विभागप्रमुख रजेवर असतील तर?

अजून एक, "नियमितीकरण" हा शब्द वाचून माझ्या मनात पहिल्यांदा कंत्राटी माणसाला कायम करतात तेच आलं. "हजेरी नोंद दुरुस्ती" म्हणा सरळ.

टेबलामागची

सई, ते नियमितीकरण मी ॲपमधल्या बटणावरून घेतलं, ॲप इंग्रजीत आहे आणि बटणावर `Regularize` लिहिलंय.

सई_लिहिते

मग दोन्ही येऊ देत. मजकुरात "नोंद दुरुस्ती" आणि कुठे दाबायचं ते सांगताना बटणावर जसं दिसतं तसंच `Regularize`. बटणाचं भाषांतर करू नका, लोक ॲपमध्ये तो मराठी शब्द शोधत बसतात आणि मग तुम्हालाच फोन करतात.

निवांत_नाना

एवढं सगळं लिहिलं तर परिपत्रक चार पानी होईल, वाचणार कोण. आमच्या वेळी नोटीस बोर्डावर पाच ओळी असायच्या आणि सगळे वेळेवर यायचे.

चहाचा_कप

नाना, तुमच्या वेळी मस्टर शिपायाकडे असायचं आणि दहा वाजले तरी लोक साडेनऊ टाकून सही करायचे, आमचे बाबाच सांगतात 😄

निवांत_नाना

ते पण खरंय.

टेबलामागची

अपडेट. साहेबांशी बोलले. त्यांचं म्हणणं तीन उशीर माफ आणि चौथ्यापासून प्रत्येक उशिराला अर्धा दिवस, म्हणजे हेडक्लार्ककाकांचा दुसरा अर्थ. मग ज्यांनी मशीन बसवलं त्यांना फोन करून विचारलं की सिस्टिममध्ये काय भरलंय, तर त्यांनी पहिला भरलाय! दर तीन उशिरांना अर्धा दिवस. आणि मी परिपत्रक काढून बसले असते तर तिघांचे तीन अर्थ झाले असते.

जुना_हेडक्लार्क

हेच म्हणत होतो. परिपत्रक आणि सिस्टिम यांचं जमलं नाही तर शेवटी सिस्टिमच जिंकते, कारण पगार तिच्यातून निघतो. आता त्यांच्याकडून बदल करून घ्या आणि बदलल्यावर एका खोट्या कर्मचाऱ्याच्या नावावर पाच उशीर टाकून बघा, एक दिवस वजा झाला तर बरोबर. तेव्हाच सवलतीचंही तपासा. "१५ मिनिटांची सवलत" म्हणजे ९.४५ ला आलेला वेळेवर का उशिरा? मशीन सेकंद पण धरतं, स्क्रीनवर मात्र मिनिटंच दिसतात. त्यामुळे ९.४५ वाजून २० सेकंदांनी आलेल्याला स्क्रीनवर ९.४५ दिसतं आणि अहवालात उशीर लागलेला असतो, मग तो स्क्रीनचा फोटो घेऊन भांडायला येतो आणि त्याचं चूक तरी काय. परिपत्रकात "९.४६ किंवा त्यानंतरची नोंद उशिराची धरली जाईल" असं लिहा आणि सिस्टिमलाही तेच करायला सांगा.

पगारपत्रक

काकांच्या मुद्द्याला जोडून, "महिना" कुठला? ताई तुमचा पगार कुठल्या तारखांवर निघतो?

टेबलामागची

२६ ते २५. म्हणजे २५ पर्यंतची हजेरी धरून महिनाअखेरीला पगार.

पगारपत्रक

वाटलंच. मग कर्मचाऱ्यांच्या डोक्यात महिना १ तारखेपासून आणि सिस्टिमच्या डोक्यात २६ पासून. समजा एखाद्याला २७, २९, ४ आणि ११ तारखेला उशीर झाला. तो म्हणणार १ तारखेपासून माझे दोनच आहेत, सिस्टिम म्हणणार चार झाले, अर्धा दिवस काढा. त्यामुळे "हजेरीचा महिना म्हणजे मागील महिन्याची २६ ते चालू महिन्याची २५" हे वाक्य उशिराच्या नियमाच्या वर लिहा, खाली तळटीप म्हणून नको.

आणि त्यामुळेच "तात्काळ प्रभावाने" काढून टाका. परिपत्रक १० तारखेला निघालं तर त्या हजेरी महिन्यातले २६ ते ९ चे दिवस जुन्या नियमाने आणि १० ते २५ नव्या नियमाने, एकाच पगारात दोन नियम. जुन्या नियमाखाली झालेले उशीर नव्या मोजणीत धरायचे की नाही यावर एका ठिकाणी माझे दोन पगार अडकलेले आहेत, म्हणजे माझ्या हातून निघायचे होते ते. येत्या २६ पासून लागू करा, मधले दिवस लोकांना मशीनची सवय होऊ दे, त्या दिवसांत नोंद होईल पण रजा वजा होणार नाही असं सांगा.

तावातावाने

बरं मग नोंद दुरुस्तीला तीन दिवस का? कोणी आजारी असेल तर? आणि सुट्ट्या धरून की सोडून?

पगारपत्रक

हा चांगला प्रश्न आहे, तावातावाने. "तीन कामाचे दिवस" म्हणा. पण तरी २५ तारखेच्या आसपास अडचण येते. २४ ला संध्याकाळी जाताना नोंद करायची राहिली, म्हणजे त्या दिवशी फक्त येण्याची एकच नोंद आहे, बऱ्याच सिस्टिम असा दिवस थेट अर्धा धरतात. त्याला अर्जाला तीन कामाचे दिवस आहेत आणि अर्जावर निर्णय द्यायला साहेबांना दोन, तोपर्यंत पगाराची आकडेमोड होऊन जाते. यावर उपाय एवढाच की "२५ तारखेनंतर मंजूर झालेल्या दुरुस्तीचा फरक पुढील महिन्याच्या पगारात दिला जाईल" असं लिहून टाका. तेवढं लिहिलं की भांडण होत नाही, लोकांना फक्त माहीत हवं असतं की पैसे बुडाले नाहीत. आजारी माणसासाठी मुदत कामावर परत आल्याच्या दिवसापासून मोजा.

टेबलामागची

हुश्श. सगळ्यांचं ऐकून पुन्हा लिहिलंय, बघा.

"परिपत्रक
विषय : हजेरी नोंदविण्याच्या सुधारित पद्धतीबाबत.
संदर्भ : यापूर्वीचे हजेरीबाबतचे परिपत्रक (क्रमांक व दिनांक).

सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, येत्या २६ तारखेपासून हजेरीची नोंद प्रवेशद्वाराजवळील यंत्रावर करावयाची आहे. २५ तारखेपर्यंत हजेरीपत्रकावर नेहमीप्रमाणे सही करावी. या काळात यंत्रावरही नोंद करावी, परंतु त्या नोंदीवरून रजा वजा केली जाणार नाही. संदर्भातील परिपत्रक २६ तारखेपासून लागू राहणार नाही.

१. कार्यालयाची वेळ सकाळी ९.३० ते सायंकाळी ६.०० आहे. येताना व जाताना अशा दोन्ही वेळी नोंद करावी.
२. हजेरीचा महिना मागील महिन्याच्या २६ तारखेपासून चालू महिन्याच्या २५ तारखेपर्यंत धरला जाईल.
३. सकाळी ९.४६ किंवा त्यानंतरची नोंद उशिराची धरली जाईल. हजेरीच्या एका महिन्यात पहिल्या तीन उशिरांसाठी रजा वजा होणार नाही. चौथ्या उशिरापासून प्रत्येक उशिरासाठी अर्ध्या दिवसाची रजा वजा होईल. उदाहरणार्थ, पाच वेळा उशीर झाल्यास एक दिवसाची रजा वजा होईल.
४. यंत्रावर नोंद होत नसल्यास कर्मचाऱ्याने त्याच वेळी स्वागतकक्षातील वहीत वेळ लिहून सही करावी.
५. नोंद करावयाची राहिल्यास कर्मचाऱ्याने तीन कामाच्या दिवसांत ॲपमधील `Regularize` या बटणावरून नोंद दुरुस्तीचा अर्ज करावा. रजेवरील कर्मचाऱ्यासाठी ही मुदत कामावर परत आल्याच्या दिवसापासून मोजली जाईल. विभागप्रमुखांनी दोन कामाच्या दिवसांत अर्जावर निर्णय द्यावा. विभागप्रमुख रजेवर असल्यास प्रशासन विभाग निर्णय देईल. २५ तारखेनंतर मंजूर झालेल्या दुरुस्तीचा फरक पुढील महिन्याच्या पगारात दिला जाईल.

अडचण असल्यास प्रशासन विभागाशी संपर्क साधावा."

कडक कारवाईची ओळ काढून टाकली, साहेब विचारतील बहुतेक.

सई_लिहिते

एकदम स्वच्छ झालंय. कडक कारवाईची ओळ गेली हे उत्तम, तिसऱ्या मुद्द्यात काय होणार ते सांगितलंय मग वेगळी धमकी कशाला. फक्त "येत्या २६ तारखेपासून" ऐवजी पूर्ण तारीख टाका, महिना आणि वर्षासकट. दोन महिन्यांनी नवीन आलेला माणूस वाचेल तेव्हा "येत्या" म्हणजे कुठली?

जुना_हेडक्लार्क

सईताईंशी सहमत. वर जावक क्रमांक आणि खाली सही कोणाची ते ठेवा. शेवटच्या ओळीत विभागाबरोबर एखादा अंतर्गत फोन नंबर द्या. आणि उदाहरण टाकलंत ते सगळ्यात चांगलं केलंत, परिपत्रकात उदाहरण द्यायला लोक का लाजतात कळत नाही.

निवांत_नाना

एका पानात बसलं की. मान गये.

बाहेरचं_काम

धागा आत्ता वाचला. मी सेल्सला आहे, मला सकाळी घरून थेट पार्टीकडे जायचं असतं, ऑफिसात पाय ठेवतो दुपारी एकला. या परिपत्रकाप्रमाणे मला रोज उशीर लागणार आणि चौथ्या दिवसापासून रोज अर्धा दिवस. माझ्यासारख्यांनी काय करायचं? आमच्याकडे ॲपमधून बाहेरूनच नोंद करतात पण त्यात लोकेशन चालू ठेवावं लागतं आणि ते अर्ध्या लोकांना पटत नाही.

टेबलामागची

बाप रे, आमच्याकडे पण असे सात-आठ जण आहेत. त्यांचं मी लिहिलंच नाही.

पगारपत्रक

त्यांच्यासाठी दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे आदल्या दिवशी विभागप्रमुखाला कळवून बाहेरच्या कामाची नोंद करून ठेवायची, मग त्या दिवशी उशीर लागत नाही. दुसरा लोकेशनचा. पहिल्यात साहेबावर विश्वास, दुसऱ्यात मोबाईलवर. मी पहिला सुचवेन पण ज्यांना सकाळी सातला फोन येतो की अमक्याकडे जा त्यांना आदल्या दिवशी कसं कळवणार हा प्रश्न राहतोच.

तावातावाने

लोकेशन अजिबात मान्य करू नका. ऑफिसच्या वेळेनंतर पण चालू राहतं ते.

बाहेरचं_काम

आमच्या ॲपमध्ये नोंद करतानाच फक्त लोकेशन घेतं असं म्हणतात, पण बॅटरी बघितली तर दिवसभर चालू असतं, खरं काय ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

टेबलामागची

मग असं करते, हे परिपत्रक "कार्यालयात बसून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी" असं वरच लिहून काढते आणि बाहेर फिरणाऱ्यांचं वेगळं काढू म्हणून साहेबांना सांगते. रजा शिल्लक नसलेल्यांचं पण तेव्हाच विचारते, आत्ता विचारलं तर हेच परिपत्रक अडकेल. पण एकजण आठवड्यातून दोन दिवस बाहेर आणि तीन दिवस ऑफिसात असतो, तो कुठल्या परिपत्रकात बसतो?